चार गुण नेमके कशाचे? तासाच्या मजकुरातून लघुत्तरी प्रश्न काढताना

तास रेकॉर्ड करायचा आणि त्याचा लेखी मजकूर करून घ्यायचा, हे आता फोनवरही होतं. पंचेचाळीस मिनिटांच्या तासाचे साधारण पाच-साडेपाच हजार शब्द होतात. एवढा मजकूर हाताशी असला की वीस गुणांची चाचणी त्यातूनच काढावी असं कुणालाही वाटेल. अडचण पुढे येते. घाईत असलेला माणूस मजकुरातलं एखादं वाक्य उचलतो, त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावतो आणि समोर अंदाजाने ‘३ गुण’ लिहून टाकतो. तीन का, दोन का नाहीत, हे त्यालाही सांगता येत नाही. मग दोन तपासनीस एकाच उत्तराला एक आणि तीन असे गुण देतात आणि मुलं स्टाफरूमच्या दारात येऊन उभी राहतात.

म्हणून इथे मजकुराचा एकच तुकडा घेतो आणि त्यातून प्रश्न, नमुना उत्तर आणि गुणविभागणी कशी निघते ते सविस्तर बघतो. विषय मुंबईकरांच्या ओळखीचा आहे: खाडीतली तिवरं. प्रथम वर्ष कला शाखेचा मराठी माध्यमाचा वर्ग, पर्यावरण अभ्यासाचा तास. मजकूर साधारण असा असतो:

“तर आता बघा, तिवर. ऐरोलीच्या पुलावरून जाताना दोन्ही बाजूंना दिसतं. मागच्या बाकावर जरा शांत. तर खाली चिखल कसा, एकदम बारीक, दाबून बसलेला, हवा शिरायला जागा नाही. त्यात भरती दिवसातून दोनदा, म्हणजे कायम भिजलेला. साध्या झाडाची मुळं ऑक्सिजन कुठून घेतात? मातीतल्या पोकळीतून. इथे पोकळीत पाणी. आणि थोडाफार ऑक्सिजन असला तरी चिखलातले जिवाणू तो वापरून टाकतात, त्या चिखलाला तो वास येतो ना, कुजक्या अंड्यासारखा. मग झाड काय करतं? मुळं वर काढतं. पेन्सिलीसारखी. याला म्हणतात नेमका फोर, श्वसनमुळं. त्याला बारीक छिद्रं असतात, ओहोटीला त्यातून कार्बन डायऑक्साइड आत, सॉरी, हवा आत जाते, ऑक्सिजन. तो आतल्या पोकळ पेशींतून खाली जातो. हे परीक्षेला येईल. मिठाचं पुढे बघू. पुन्हा सांगतो, चिखलात हवा नाही, म्हणून मुळं वर, छिद्रातून हवा आत आणि ती खाली पोचवायची.”

पहिलं काम प्रश्न काढण्याचं नाही, मजकूर दुरुस्त करण्याचं आहे. बोलण्यात आणि ते लिहून घेण्यात ज्या चुका होतात, त्या या उताऱ्यात तीन आहेत आणि तिघींची जात वेगळी आहे. ‘नेमका फोर’ ही ऐकून लिहिण्यातली चूक. सर ‘न्यूमॅटोफोर’ म्हणाले होते. अशा चुका विचित्र दिसतात, त्यामुळे सापडतात. दुसरी चूक बोलणाऱ्याची, पण त्याने तिथल्या तिथे सुधारलेली: कार्बन डायऑक्साइड. मजकुरात चूकही राहते आणि दुरुस्तीही, म्हणून घाईत वाचणाऱ्याच्या हाती नेमकी चूक लागू शकते. तिसरी सगळ्यांत धोक्याची, कारण ती वाचताना खटकत नाही. ‘पोकळ पेशींतून’. तिवराच्या मुळांत पेशी पोकळ नसतात, पेशींच्या मधे हवेच्या पोकळ्या असतात. या ऊतीला ॲरेन्कायमा म्हणतात. बोलण्याच्या ओघात सर ‘पोकळ पेशी’ म्हणून गेले आणि वर्गातल्या प्रत्येक वहीत तेच उतरलं.

या तिसऱ्या चुकीचं काय करायचं, हे आधीच ठरवावं लागतं. नमुना उत्तरात बरोबर तेच लिहायचं: पेशींमधल्या पोकळ्या. पण वर्गात जे शिकवलं ते लिहिलं म्हणून मुलाचा गुण जाता कामा नये. त्यामुळे गुणविभागणीत ‘पोकळ पेशी असे लिहिल्यास या वेळी गुण द्यावा’ अशी स्पष्ट ओळ हवी आणि पुढच्या तासाला दुरुस्ती सांगायला हवी. ती ओळ नसेल तर काटेकोर तपासनीस गुण कापेल, सैल तपासनीस देईल, आणि दोघांचंही चूक म्हणता येणार नाही.

मजकुराच्या समासात वेळ लिहून ठेवायची सवयही इथेच लावून घ्यावी. हा तुकडा तासाच्या बाराव्या मिनिटाला आला असेल तर तसं लिहायचं. नंतर कुणी ‘हे शिकवलंच नाही’ म्हणालं तर वाद दोन मिनिटांत मिटतो. प्रश्न काढणाऱ्यालाही स्वतःची परीक्षा घेता येते: नमुना उत्तरातल्या एखाद्या मुद्द्यासमोर वेळ लिहिता येत नसेल, तर तो मुद्दा तासातला नाही, आपल्या डोक्यातला आहे.

आता मुख्य काम. या उताऱ्यात वाक्यं अठराच्या आसपास आहेत, पण त्यातली बरीचशी विधानं नव्हेत. ऐरोलीचा पूल ओळख पटवण्यासाठी आहे, मागचा बाक शिस्तीसाठी आहे, पेन्सिल डोळ्यांसमोर चित्र यावं म्हणून आहे. ‘परीक्षेला येईल’ हे प्रश्न काढणाऱ्याच्या उपयोगाचं, उत्तर लिहिणाऱ्याच्या नाही. हे सगळं बाजूला केलं की खाली कारण आणि परिणाम यांची एक साखळी उरते. चिखल बारीक आणि पाण्याने भरलेला, म्हणून हवा शिरत नाही. असलेला ऑक्सिजन जिवाणू संपवतात. म्हणून खालच्या मुळांना श्वसनासाठी ऑक्सिजन मिळत नाही. म्हणून काही मुळं चिखलाच्या वर वाढतात. ओहोटीला ती उघडी पडली की छिद्रांतून हवा आत जाते. आतल्या पोकळ्यांतून ऑक्सिजन खाली पोचतो. सरांनी शेवटी ‘पुन्हा सांगतो’ म्हणून जे एका दमात सांगितलं, ती हीच साखळी. बोलणारा माणूस स्वतःहून सारांश देतो ती जागा मजकुरात शोधली तर निम्मं काम तिथेच होतं.

माझा नियम इथे येतो आणि बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे: गुण वाक्याला द्यायचा नाही, साखळीतल्या कडीला द्यायचा. मुलाने ती कडी एका शब्दात मांडो की तीन वाक्यांत, गुण एकच.

म्हणून आधी उत्तर लिहायचं, मग त्याच्या कड्या मोजायच्या, आणि प्रश्न सगळ्यांत शेवटी. उलट क्रमाने गेलं की प्रश्न छान वाटतो, पण उत्तर त्याच्या मापाचं निघत नाही. नमुना उत्तर असं होईल:

“खाडीचा चिखल बारीक कणांचा आणि सतत पाण्याने भरलेला असतो, त्यामुळे त्यात हवा शिरत नाही, जो थोडा ऑक्सिजन असतो तो जिवाणू वापरून टाकतात. त्यामुळे चिखलातल्या मुळांना श्वसनासाठी पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. तिवराची श्वसनमुळे चिखलाच्या वर येतात. ओहोटीच्या वेळी त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांतून (वल्करंध्रांतून) हवा आत जाते. मुळांच्या आतील हवेच्या पोकळ्यांतून हा ऑक्सिजन चिखलातल्या मुळांपर्यंत पोचतो.”

पन्नास-साठ शब्दांचं उत्तर आहे. हाताने लिहून बघा, पाच-सहा मिनिटं लागतात, विचार करण्याचा वेळ धरून. चाळीस मिनिटांत वीस गुण असतील तर चार गुणांना आठ मिनिटं येतात, म्हणजे मापात बसलं. नमुना उत्तर टाइप करून वेळ मोजू नका. मुलं पेनाने लिहितात.

आता प्रश्न. पहिला मोह ‘श्वसनमुळे म्हणजे काय?’ असं विचारण्याचा होतो. त्याचं प्रामाणिक उत्तर एका ओळीत संपतं, त्याला चार गुण देता येत नाहीत. ‘तिवरांविषयी माहिती लिहा’ असं विचारलं तर मूल जे लिहील ते बरोबर, आणि तपासनिसाला कापायला आधारच उरत नाही. तिसरा मसुदा चांगला दिसतो: ‘तिवराची मुळे ऑक्सिजन घेण्यासाठी चिखलाबाहेर का येतात?’ पण त्याने एक कडी प्रश्नातच देऊन टाकली. ‘कारण चिखलात ऑक्सिजन नसतो’ असं कुणीही, तासाला न बसताही, लिहू शकेल. शेवटी मी ठेवेन तो असा:

“तिवराची काही मुळे चिखलातून वरच्या दिशेने वाढतात. अशी मुळे नसती तर तिवराला खाडीच्या चिखलात जगणे का कठीण झाले असते आणि या मुळांमुळे ते कसे शक्य होते, हे स्पष्ट करा. (४ गुण)”

‘का’ आणि ‘कसे’ दोन्ही प्रश्नात आहेत, म्हणून मुलाला दोन बाजूंनी लिहायचं आहे हे कळतं. ‘सरांनी दिलेल्या उदाहरणाच्या आधारे’ असं काही नाही. आणि पुलाचं किंवा पेन्सिलीचं नावही नाही.

गुणविभागणी अशी:

चिखलातल्या मुळांना ऑक्सिजन अपुरा पडतो: १ गुण.
त्याचे कोणतेही एक कारण (चिखलात पाणी भरलेले किंवा कण बारीक, म्हणून हवा नाही; अथवा जिवाणू ऑक्सिजन वापरतात): १ गुण.
वर आलेल्या मुळांवरील छिद्रांतून हवा आत जाते: १ गुण. ‘वल्करंध्रे’ हा शब्द आवश्यक नाही.
तो ऑक्सिजन आतील पोकळ्यांतून खालच्या मुळांपर्यंत पोचतो: १ गुण. ‘पोकळ पेशी’ चालेल.
‘श्वसनमुळे’ किंवा ‘न्यूमॅटोफोर’ हे नुसते नाव लिहिल्यास गुण नाही.

शेवटची ओळ बऱ्याच शिक्षकांना कठोर वाटते. पण प्रश्नाने नाव विचारलेलंच नाही, ‘कसे’ विचारलं आहे. नावाचं ज्ञान तपासायचं असेल तर त्यासाठी एका गुणाचा वेगळा प्रश्न काढावा. तसंच, मी इथे अर्धा गुण मुद्दाम ठेवलेला नाही. अर्ध्या गुणांच्या आठ खणांत चार गुण वाटले की तपासनीस अर्थ सोडून शब्द शोधू लागतो: ‘ओहोटी’ लिहिलंय, अर्धा, ‘चिखल’ लिहिलंय, अर्धा.

ही विभागणी कागदावर नीट दिसते. ती चालते का, हे कळायला उत्तरं लागतात. सहकाऱ्याच्या वर्गातल्या चार-पाच मुलांकडून लिहून घ्यावीत, किंवा मुलं काय लिहितील याचा अंदाज बांधून आपणच लिहावीत. मग दोघांनी स्वतंत्र बसून, एकमेकांचे गुण न बघता तपासायचं. तीन उत्तरं बघा.

पहिलं: “तिवराच्या मुळांना श्वसनमुळे म्हणतात. ती पेन्सिलीसारखी असतात. ती ऐरोलीच्या पुलावरून दिसतात. तिथे कुजक्या अंड्यासारखा वास येतो.” चार वाक्यं, चारही तासात आलेली, चारही खरी. गुण शून्य. या मुलीने तास लक्ष देऊन ऐकला आहे यात शंका नाही, पण एकही कडी दुसऱ्या कडीला जोडलेली नाही. वाक्यागणिक गुण देणारा तपासनीस इथे दोन तरी देऊन टाकतो. मजकुरातली वाक्यं जशीच्या तशी उचलून नमुना उत्तर केलं असतं तर शून्य देण्याचा मार्गच उरला नसता, तीन-चार द्यावे लागले असते.

दुसरं: “चिखलात ऑक्सिजन नसतो म्हणून मुळं वर येतात आणि हवेतला ऑक्सिजन घेतात.” पहिला गुण नक्की. कारण दिलेलं नाही, दुसरा नाही. चौथा नाही. तिसऱ्यावर दोन तपासनिसांचं पटत नाही. एक म्हणतो, हवेतून घेतात हे लिहिलंय. दुसरा म्हणतो, छिद्रं कुठे आहेत? असं मतभेदाचं ठिकाण सापडणं हाच या खटाटोपाचा फायदा. दोष मुलाच्या उत्तरात नाही, आपल्या विभागणीत आहे, कारण ‘छिद्रांतून हवा आत जाते’ यातला आवश्यक भाग कोणता हे आपण सांगितलंच नव्हतं. प्रश्नात ‘कसे’ आहे, म्हणून मार्ग सांगणं आवश्यक, असं मी ठरवेन, आणि ओळीखाली लिहीन: ‘छिद्रे, भोके, रंध्रे यांपैकी काहीही चालेल, नुसते हवेतून घेतात असे लिहिल्यास गुण नाही.’ कुणी उलट ठरवलं तरी बिघडत नाही. ठरवलेलं लिहिलेलं मात्र असावं.

तिसरं: “मुळं चिखलात बुडालेली असल्यामुळे त्यांना ऑक्सिजन मिळत नाही, कारण मातीच्या पोकळीत पाणी असतं. वरच्या मुळांच्या छिद्रांतून कार्बन डायऑक्साइड आत जातो आणि आतल्या पोकळीतून खाली पोचतो.” पहिले दोन गुण मिळाले. तिसरा गेला, वायू चुकला. चौथ्याचं काय? खाली जाणारा वायू चुकीचा आहे, पण रस्ता बरोबर सांगितला आहे. एकाच चुकीसाठी दोनदा शिक्षा करायची नाही, असा तपासणीतला जुना दंडक आहे, आणि इथे तो लावून मी चौथा गुण देईन. एकूण तीन. ही चूक कुठून आली हेही आता आपल्याला माहीत आहे: सरांच्या ‘सॉरी’च्या आधीच्या शब्दातून.

वर ‘मिठाचं पुढे बघू’ असं आलं होतं. त्या तुकड्याचंही थोडं सांगतो, कारण तिथे वेगळा सापळा आहे. सर सांगतात, ‘कांदळ मीठ मुळाशीच अडवतं, तिवर मीठ पानांतून बाहेर टाकतं.’ हे ऐकून प्रत्येकाच्या हातून ‘फरक स्पष्ट करा, २ गुण’ असा प्रश्न आपोआप उमटतो. पण तिवरही बरंचसं मीठ मुळाशीच अडवतं. जे आत येतं ते पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर पडतं, त्यामुळे पानावर मिठाचे कण दिसतात, चाटून बघितलं तर खारटही लागतं. बोलताना केलेलं सोपं विधान फरकाच्या दोन रकान्यांत बसवलं की त्याला नसलेली धार येते: इकडे अडवतं, तिकडे अडवत नाही. मग ज्या मुलाने ‘तिवरही मुळाशी मीठ अडवते’ असं बरोबर लिहिलं, त्याचाच गुण उत्तरसूचीप्रमाणे जाईल. त्यापेक्षा प्रश्नच असा करावा: ‘तिवराच्या पानावर मिठाचे कण का दिसतात? (२ गुण)’. झाड खारं पाणी घेतं तेव्हा काही मीठ आत येतं, एक गुण. ते पानांतल्या ग्रंथींतून बाहेर टाकलं जातं, दुसरा गुण. फरकाचा प्रश्न काढायचाच असेल तर दोन्ही बाजू मिळून एक मुद्दा धरावा. एका बाजूचंच लिहिलं तर तो फरक होत नाही.

पंचेचाळीस मिनिटांच्या एका तासात अशा पूर्ण साखळ्या फार निघत नाहीत. माझ्या अनुभवात पाच-सहा. बाकीचा वेळ उजळणीत, उदाहरणांत आणि हजेरीत जातो, आणि ते तसंच असायला हवं. त्यामुळे एका तासाच्या मजकुरातून वीस लघुत्तरी प्रश्न निघाले तर त्यातले बरेच एकमेकांचीच उत्तरं असतात. दुसऱ्या प्रश्नाच्या वाक्यात पहिल्याचं उत्तर दिसतंय का, हे पेपर छापायच्या आधी सगळे प्रश्न सलग वाचून बघावं. वर ज्या प्रश्नात ‘मुळे चिखलातून वरच्या दिशेने वाढतात’ असं लिहिलं आहे, त्याच पेपरात ‘श्वसनमुळे कोणत्या दिशेने वाढतात?’ असा एक गुणाचा प्रश्न फुकट जातो.

नमुना उत्तर आणि विभागणी एवढी उलगडून लिहायची, कारण तपासणारा त्या तासाला बसलेला असेलच असं नाही. मुंबई विद्यापीठाने २०१७ मध्ये उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायला सुरुवात केली. तिथे समोरच्या माणसाकडे उत्तराचं पान आणि उत्तरसूची असते, तुमचा तास नसतो. महाविद्यालयातल्या अंतर्गत चाचणीतही शेजारच्या तुकडीचे शिक्षक गठ्ठा वाटून घेतात तेव्हा हेच होतं.

एवढं करूनही पहिल्या गठ्ठ्यात एखादं उत्तर असं येतंच, जे कुणाच्या डोक्यात नव्हतं. समजा एखाद्या मुलाने लिहिलं, ‘भरतीत मुळं बुडतात तेव्हा आतला ऑक्सिजन वापरला जातो आणि आतला दाब कमी होतो, म्हणून ओहोटीला छिद्रं उघडी पडली की हवा आत ओढली जाते.’ तासात हे नव्हतं, नमुना उत्तरात नाही, पण शास्त्र म्हणून बरोबर आहे आणि तिसऱ्या कडीचं अधिक नेमकं रूप आहे. गुण द्यायचा. मात्र एकट्याने देऊन पुढे जायचं नाही. विभागणीत तिसऱ्या ओळीखाली ते तारखेसह लिहायचं, सगळ्या तपासनिसांना कळवायचं, आणि तोवर तपासून झालेल्या उत्तरपत्रिकांतला तेवढाच एक प्रश्न पुन्हा बघायचा. हे पहिल्या पंधरा-वीस उत्तरपत्रिकांच्या आत झालं तर अर्ध्या तासाचं काम आहे. शंभर तपासून झाल्यावर ते कुणीच करत नाही.